मदत हवी आहे: ट्रेड शफल करतोय, पण शेवटचा आकडा बदलतच नाही

निफ्टीकर
निफ्टीचं 9:20 चं शॉर्ट स्ट्रॅडल करतो, दोन्ही लेगना वेगळा स्टॉपलॉस. मार्जिनच्या वर किती पैसे बाजूला ठेवायचे ते ठरवायचंय, म्हणून जुने ट्रेड रँडम शफल करून ड्रॉडाउन किती खोल जाऊ शकतो ते पाहतोय. 5000 वेळा शफल केलं, 5000 वेळा शेवटचा नफा तोच! कोड असा:

```python
s = np.random.permutation(pnl)
eq = np.concatenate(([0], s.cumsum()))
dd = (np.maximum.accumulate(eq) - eq).max()
```

यात चूक कुठे आहे? सोमवारपासून लॉट वाढवायचेत, कृपया लवकर सांगा.

रानवारा
शफल करण्यापेक्षा वर्षातून एकदा रीबॅलन्स करा. मी दरवर्षी दिवाळीनंतर स्मॉलकॅपमधून थोडे काढून लार्जकॅपमध्ये टाकतो. झोप शांत लागते.

आकडेमोड
चूक नाहीये. तेच आकडे नुसते पुढेमागे केलेत, बेरीज तीच येणार. चार ट्रेड घ्या: +10, -6, +8, -7. या क्रमाने शिखरापासूनची सगळ्यात मोठी घसरण 7. आता दोन्ही तोटे शेजारी आणा: +10, -6, -7, +8. घसरण 13 झाली, शेवट मात्र दोन्हीकडे +5 वरच. तुम्हाला शेवट बघायचाच नाहीये, वाट बघायचीय. `dd` चे 5000 आकडे `dds` यादीत जमवा आणि `np.percentile(dds, [50, 95, 99])` काढा.

आणि हे सांगा: `pnl` रुपयांत आहे की पॉइंटांत? एक ओळ म्हणजे एक लेग की एक दिवस? प्रत्यक्षातला ड्रॉडाउन किती होता? कोणत्या काळातले ट्रेड आहेत?

थेट_सांगली
permutation सोडा. `np.random.choice(pnl, len(pnl))` वापरा. त्यात एकच ट्रेड दोनदाही येतो, एखादा येतच नाही, त्यामुळे शेवटही बदलतो आणि खरी जोखीम दिसते. मी कायम हेच वापरतो. सरासरी ड्रॉडाउन काढा, दुप्पट करा, विषय संपला.

आकडेमोड
choice वापरायला हरकत नाही, पण तो प्रश्न वेगळा आहे. permutation विचारतं, हेच ट्रेड दुसऱ्या क्रमाने आले असते तर काय झालं असतं. choice विचारतं, असल्याच ट्रेडचं दुसरं वर्ष कसं गेलं असतं. दुसऱ्यात ड्रॉडाउनची शेपटी जास्त लांब निघते, हे तुमचं बरोबर. पण तोटे एकमेकांना चिकटून येत असतील, तर दोन्हीकडे ती चिकटण मोडतेच. आणि सरासरीची दुप्पट कुठून आली? 95 वा, 99 वा आकडा समोर असताना अंदाजाने दुप्पट करायची गरज काय?

थेट_सांगली
पुस्तकी गोष्टी आहेत या. बाजारात दुप्पटच उपयोगी पडते.

निफ्टीकर
रुपयांत आहे. प्रत्येक ओळ एक लेग. जानेवारी 2023 ते मार्च 2025, कायम एकच लॉट. शफलचा 95 वा आकडा 27,000, 99 वा 32,000. प्रत्यक्षातला ड्रॉडाउन 41,000, मागचे तीन महिने. 5000 मध्ये एकदाही तेवढा आला नाही. म्हणजे माझं नशीब वाईट होतं, पुढे इतकं होणार नाही, असंच ना?

आकडेमोड
नाही, उलट. प्रत्यक्ष ड्रॉडाउन सगळ्या शफलच्या बाहेर पडतो तेव्हा आधी संशय शफलवर घ्यायचा, नशिबावर नाही. प्रत्यक्षातला क्रम रँडम नव्हता, असं ते सांगतंय. तुमच्याकडे त्याचं एक कारण तर उघड आहे. एकच लॉट म्हणता, पण निफ्टीचा लॉट एप्रिल 2024 मध्ये 50 चा 25 झाला आणि सेबीच्या नव्या नियमांनंतर 75. म्हणजे त्याच एका लॉटमध्ये तुमचा तोटा रुपयांत तिप्पट झाला, आणि ते सगळे ट्रेड यादीच्या शेवटी एकत्र बसलेत. शफल त्यांना 25 च्या लॉटच्या बारक्या ट्रेडमध्ये पांगवतं. आधी पॉइंट करा.

दुसरं, लेग वेगळे करू नका. एका दिवसाचा कॉल आणि पुट ही एकच घटना आहे.

```python
day = df.groupby("date")["points"].sum()
```

थेट_सांगली
दिवसाची बेरीज केली की ड्रॉडाउन नक्की वाढणार. दोन्ही स्टॉपलॉस उडालेले दिवस एकत्र येतील ना!

कोकणमेवा
थोडं अवांतर: ऑप्शनचा तोटा पुढच्या वर्षी ओढायचा तर रिटर्न मुदतीतच भरा हं. आमच्या शेजाऱ्यांनी उशीर केला, सगळा तोटा वाया गेला.

निफ्टीकर
पॉइंटांत केलं. लेगनुसार 95 वा आकडा 530. दिवसानुसार 465. वाढला नाही, कमी झाला! दिवसानुसार 99 वा 550, प्रत्यक्ष 530. आता कशावर विश्वास ठेवू?

आकडेमोड
दिवसाच्या आकड्यावर. दोन्ही स्टॉपलॉस उडणारे दिवस लक्षात राहतात, पण बाजार एकीकडे पळाला की एक लेग स्टॉपलॉस खातो आणि दुसरा प्रीमियम देतो. असे दिवस तुमच्या यादीत जास्त असणार, म्हणून लेग एकमेकांना सावरतात. सुटे शफल केले की ती जोडी फुटते आणि ड्रॉडाउन उगाच खोल दिसतो. तुमच्याकडे तसं झालंय. दुसऱ्या कुणाच्या यादीत उलटही निघेल.

प्रत्यक्षातला 530 आता शफलच्या आत आलाय, पण अगदी काठावर. रुपयांतली बरीच विसंगती लॉटची होती, सगळी नाही. बाजार खवळलेला असतो तेव्हा आठवडा दोन आठवडे खवळलेला राहतो, आणि स्ट्रॅडलचे वाईट दिवस त्यात सलग येतात. म्हणून सुटे दिवस न हलवता सलग दिवसांचे गठ्ठे करा आणि गठ्ठे शफल करा. गठ्ठ्याच्या आतला क्रम जसाच्या तसा ठेवा.

निफ्टीकर
10 दिवसांचे गठ्ठे: 95 वा 560. 20 दिवसांचे: 640. मार्च 2025 च्या 75 च्या लॉटला 42,000 आणि 48,000. कोणता धरू?

आकडेमोड
याला पक्कं उत्तर नाही. लहान गठ्ठ्यात वाईट काळ मधेच तुटतो. मोठे केले की गठ्ठे मोजकेच उरतात आणि शफलला फिरवायला जागा राहत नाही. तुमच्या सुमारे साडेपाचशे दिवसांत 20 चे 27-28 गठ्ठे पडतात, म्हणजे तो 640 थोड्याच गठ्ठ्यांच्या जोरावर आलाय. गठ्ठे कुठून सुरू होतात ते दोनचार दिवसांनी सरकवून परत चालवा. आकडा फार हलला तर त्यावर पैसे लावू नका. मी स्वतः वरचा धरतो.

थेट_सांगली
माझ्या दुप्पटीत आणि यात फरक काय राहिला मग? आकडा जवळपास तोच येणार.

आकडेमोड
येईल, यावेळी. निफ्टीकर, 4 जून 2024 ला निकालाच्या दिवशी ट्रेड होता का? त्या दिवशी निफ्टी जवळपास 6 टक्के पडून बंद झाला.

निफ्टीकर
नाही, त्या दिवशी मुद्दाम बंद ठेवलं होतं.

आकडेमोड
मग तसा दिवस तुमच्या यादीत नाही, आणि यादीत नाही ते शफलमधून कधीच निघणार नाही, गठ्ठे करा नाहीतर choice वापरा. पुढच्या वेळी असा दिवस तारीख न सांगता येईल. त्या दिवसाचे 9:20 चे प्रीमियम काढून, स्टॉपलॉस ठरलेल्या भावाला न मिळता पुढे किती घसरला असता ते धरून, तो एक दिवस हाताने यादीत घाला आणि परत चालवा. सोमवारी लॉट वाढवू नका.

निफ्टीकर
मिनिटाचा डेटा आहे माझ्याकडे. स्टॉपलॉसची घसरण किती धरू, 10 टक्के की जास्त?

थेट_सांगली
माझा 2020 च्या मार्चमध्ये स्टॉपलॉस लागलाच नाही, लिमिट ऑर्डर तशीच पडून राहिली. टक्के कसले धरताय!