टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला गुण कसे द्यायचे? मदत हवी आहे (तातडीचं)

इंदूरची_बाई: परवा सराव परीक्षा आहे, कृपया लवकर सांगा. हाताळणी, रीडिंगचा अचूकपणा आणि कामातला नीटनेटकेपणा बघून 8 गुण द्यायचे आहेत. मागच्या बॅचला एका मुलाची तिन्ही रीडिंग 10.0 आली, पण फनेल शेवटपर्यंत ब्युरेटवर तसंच, टेबलावर सांडासांड. एका मुलीचं काम अगदी स्वच्छ, हात स्थिर, पण तिची तिन्ही रीडिंग 10.2. सहकारी म्हणतात, उत्तर बरोबर त्यालाच पूर्ण गुण. मला ते पटत नाही. काय करू?

विजयनगरकर: कुठलं टायट्रेशन? मुलं किती? आणि 10.0 हेच बरोबर, हे कशावरून?

इंदूरची_बाई: अहो, परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल, बारावीचंच. वीस मुलं, मी आणि लॅब असिस्टंट. त्याच बाटल्यांतून सकाळी मी स्वतः केलं तेव्हा 10.0 आलं.

सुधीर_पाटणकर: मुलीनं मेनिस्कस खालून वाचला असणार. परमँगनेट गडद असतं, वरची कड वाचायची असते. एक गुण कापा.

निवृत्त_मास्तर: वरची कड वाचायची, हे खरं. पण सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन्ही रीडिंग खालूनच घेतली, तर वजाबाकीत ती चूक निघून जाते. एकदा वरून नि एकदा खालून वाचलं तरच फरक पडतो, आणि तो तिन्ही वेळा सारखा येणं कठीण. बाई, तिनं मध्ये ब्युरेट पुन्हा भरली होती का?

इंदूरची_बाई: नाही. एकदाच भरून तिन्ही केली.

निवृत्त_मास्तर: मग मला वाटतं तिनं ब्युरेट पाण्यानं धुतली, पण परमँगनेटनं खंगाळली नाही. 50 मिलीच्या ब्युरेटमध्ये, तोटीत आणि भिंतीला धरून, मिलीभर पाणी राहिलं तर द्रावण दोन टक्के पातळ होतं. म्हणजे 10.0 च्या जागी 10.2, आणि एकच भरणी असल्यानं तिन्ही वेळा तेवढंच. कॉनिकल फ्लास्क ऑक्झॅलिकनं खंगाळला असता तरी रीडिंग वाढलं असतं, पण दर वेळी वेगळं. चूक भरतानाची आहे, वाचतानाची नाही. म्हणून तिचे वाचनाचे गुण पूर्ण द्या, हाताळणीतला एक कापा.

सुधीर_पाटणकर: मग उत्तर चुकलं तरी पूर्ण गुण? बोर्डाचा बाहेरचा परीक्षक असं ऐकणार नाही.

निवृत्त_मास्तर: पूर्ण नाहीच म्हटलं. उत्तराचे वेगळे कापा की. आणि त्या मुलाचं 10.0 मला जास्त खटकतंय. फनेलमधून एखाद-दोन थेंब जरी मध्येच पडले तरी पातळी वर येते आणि रीडिंग कमी दिसतं. तीनदा हुबेहूब 10.0? उठताना त्याच्या ब्युरेटची पातळी बघितली होतीत का? शून्यापासून तीन वेळा करून, पुन्हा न भरता, ती 30 च्या आसपास असायला हवी. 20 वर दिसली, तर तिसरं रीडिंग वहीतच झालंय.

इंदूरची_बाई: पातळी नाही बघितली. पण वीस जणांचं सगळं कसं बघू?

निवृत्त_मास्तर: सगळं नका बघू. प्रत्येकाजवळ दोनदाच थांबा: ब्युरेट भरताना, आणि शेवटाजवळ. भरताना खंगाळणं, तोटीतला बुडबुडा, फनेल काढणं. शेवटाजवळ थेंब-थेंब सोडतोय का, आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकतोय का. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा दिसला, तर सल्फ्युरिक आम्ल कमी पडलंय, नाहीतर फ्लास्क नीट गरम न करता परमँगनेट भराभर ओतलंय. ते रीडिंग फुकट.

माधुरी_उज्जैनवाली: आमच्या मुलाला मीठ ओळखताना क्लोराइडचा अवक्षेप येतच नाही, सिल्व्हर नायट्रेट जुनं असेल का?

विजयनगरकर: ताई, वेगळा धागा काढा ना. माझं म्हणणं, नीटनेटकेपणाला एकच गुण ठेवा. जास्त ठेवला तर टेबल पुसणाऱ्यांचं फावतं. फक्त परमँगनेटचा सांडलेला थेंब लगेच पुसला का नि ब्युरेट शेवटी धुतली का, एवढंच बघा. वाळलं की तपकिरी डाग निघत नाहीत.

सुधीर_पाटणकर: एक गुण फारच कमी. सांडलेल्या आम्लात पुढच्या बॅचच्या मुलाचा हात पडतो. दोन तरी हवेत.

इंदूरची_बाई: मास्तर, खूप आभार. हाताळणी 3, वाचन नि मेळ 2, उत्तर 2, टेबल 1 असं करते. सहकाऱ्यांना तुमचं गणितच दाखवीन. एकच राहिलं: आमच्या दोन ब्युरेटांचे कॉक गळतात. त्या मुलांचं काय?

निवृत्त_मास्तर: परीक्षेआधी त्या ब्युरेट पाण्यानं भरून पाच मिनिटं टांगा. पातळी हलली तर कपाटात ठेवा. तरी मुलाच्या हातात आलीच, आणि त्यानं हात वर करून सांगितलं, तर मी गुण कापत नाही.

सुधीर_पाटणकर: आणि सांगितलं नाही तर? मी तर कापतो.