मदत हवी आहे: फोन उचलल्यावर आधी काय बोलायचं?

नवीन नोकरीत रिसेप्शनवर बसते. मला शिकवलेलं वाक्य असं: "लेखा विभाग, अमुक बोलतेय, नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" एका दमात म्हणते. तरी निम्मे लोक विचारतात, "कुठे लागलाय फोन?"

काल एका सहकाऱ्याला बाहेरून फोन करायला लावला. त्याला ऐकू आलं फक्त "...भाग, अमुक बोलतेय". म्हणजे रिसीव्हर कानाला लागायच्या आधीच माझं बोलणं सुरू होतं आणि पहिला शब्द तुटतो. शिवाय समोरच्याचं लक्षही पहिल्या क्षणी आवाजाकडे असतं, शब्दांकडे नाही.

म्हणून क्रम बदलला: रिसीव्हर कानाला, एक श्वास, मग "नमस्कार. लेखा विभाग. मी अमुक बोलतेय. बोला, काय मदत करू?" आता तुटलाच तर "नमस्कार" तुटतो, त्याने काही बिघडत नाही. विभागाच्या नावानंतर जरा थांबते, कारण चुकून लागलेला फोन तिथेच कळतो. आज "कुठे लागलाय" दोनदाच ऐकलं.

अडचण उरली ती आतल्या फोनची. दुसऱ्या विभागाने जोडून दिलेल्या माणसाने एकदा सगळं ऐकलेलं असतं. त्याला पुन्हा पूर्ण वाक्य म्हटलं की तो वैतागतो. नुसतं "हॅलो" म्हटलं की आपण कोणाशी बोलतोय हे त्याला कळत नाही. साहेबांचा फोन आला तर "काय मदत करू" म्हणताना मलाच हसू येतं!

जोडून आलेल्या फोनवर तुम्ही नेमकं काय म्हणता? नाव आणि विभाग दोन्ही, की एकच?