‘अटेन्युएशन’ला क्षीणन म्हणायचं, घट म्हणायची की नष्ट?

खानापूरचा_अनुवादक: बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यासाठी फायबर जोडणीचं एक पानी सूचनापत्र करतोय. कन्नड पान आधी झालं, मराठी त्यावरून करायचंय. दोन वाक्यांपाशी अडलोय. कन्नडमध्ये ‘नष्ट’ म्हणजे तोटा, म्हणून पहिल्या खर्ड्यात ‘दर किलोमीटरला ३.५ डीबी प्रकाश नष्ट होतो’ असं आलं. एका फिटरनं वाचून विचारलं, नष्ट झाला तर पलीकडे पोचतो काय? दुसरं वाक्य ग्रेडेड-इंडेक्स केबलचं: ‘किरण नळीच्या भिंतीवर आपटत नागमोडी जातात.’ दोन्हींना नीट मराठी सुचवा.

शुद्धलेखनी: पहिल्याला ‘क्षीणन’. क्षि धातू, झिजणे, कमी होणे. त्याच धातूचा क्षय. परिभाषेत रुळलेला शब्द असताना चर्चा कशाला? दुसऱ्यात ‘आपटत’ ग्राम्य आहे, ‘परावर्तित होत’ करा.

जोडकाम: दुसरं वाक्य आधी घेतो, कारण तिथं शब्द नाही, अर्थच चुकलाय. ग्रेडेड-इंडेक्समध्ये किरण भिंतीवर आपटत नाही आणि परावर्तितही होत नाही. गाभ्याच्या मधोमध अपवर्तनांक सगळ्यात जास्त असतो आणि कडेकडे तो हळूहळू उतरत जातो, साधारण एक टक्क्यानं. बाहेर निघालेला किरण त्या उतारावर वाकतो, कडेला पोचायच्या आतच वळतो आणि मध्याकडे परततो. म्हणून ‘नागमोडी’ बरोबर, ‘आपटत’ चूक. तिरपी रेघ, ठोकर, परत तिरपी रेघ, हे चित्र जुन्या स्टेप-इंडेक्सचं. आणि ‘नळी’ही काढा. आत पोकळी नाही, भरीव काच आहे.

वेणुग्रामी: गाव वेणुग्राम, वेळूचं, म्हणून नळी सुचली असणार!

निपाणीकर: पण बाजूनं जाणाऱ्या किरणाची वाट लांब पडते, तो मागं राहणार. म्हणूनच प्रकाश कमी होतो ना? ३ डीबी म्हणजे निम्मा. एका किलोमीटरला निम्मा, दोन किलोमीटरला सगळा संपला.

जोडकाम: तीन गोष्टी एकत्र झाल्यात. वाट लांब पडते हे खरं. पण कडेला अपवर्तनांक कमी, म्हणून तिथं वेगही जास्त, आणि दोन्ही मिळून हिशोब जवळजवळ जुळतो. झोपाळा थोडा झुलवा की जास्त, फेरीला वेळ साधारण तेवढाच लागतो, तसंच इथं. ५० मायक्रॉनच्या गाभ्यात एक पूर्ण वळसा साधारण १.१ मिलिमीटरचा. ४०० मीटरच्या केबलमध्ये असे साडेतीन लाखांवर वळसे होतात, तरी सगळे किरण जवळपास एकदमच पोचतात. थोडा फरक उरतो. त्यानं स्पंद पसरतो, प्रकाश कमी होत नाही.

दुसरं, निम्मा बरोबर, पण पुढच्या किलोमीटरला उरलेल्याचा निम्मा. दोन किलोमीटरनंतर पाव उरतो. डीबीची बेरीज होते, टक्क्यांची होत नाही.

तिसरं, कमी का होतो? ८५० नॅनोमीटरला मुख्यतः काचेतच विखुरल्यामुळे. तरंगलांबी वाढली की विखुरणं झपाट्यानं उतरतं, म्हणून त्याच केबलला ८५० वर ३.५ आणि १३०० वर १.५ अशा मर्यादा लावतात. विखुरलेला प्रकाश बाजूनं निघून जातो. त्यामुळे ‘नष्ट’ मराठीतच काय, पदार्थविज्ञानातही तितकं बसत नाही.

चिकोडीचा_फिटर: शब्दाचं राहू द्या की ओ. आमच्याकडं जुन्या केबलला नवा तुकडा जोडला, तेव्हापासून एका बाजूनं रीडिंग बरोबर येतंय आणि उलट्या बाजूनं चार डीबी जादा खातंय. जोड तीनदा मारला. दोन्ही केबल नारिंगीच. हे क्षीणन म्हणायचं काय?

जोडकाम: जोडाला दोष देऊ नका. नारिंगी रंगावर जाऊ नका, आवरणावरचं छापील वाचा. एकीवर ६२.५/१२५ आणि दुसरीवर ५०/१२५ असणार. मोठ्या गाभ्यातून लहानात जाताना कडेचा प्रकाश बाहेर सांडतो. नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशोबानं १.९ डीबी, आणि लहान गाभा तिरपे किरणही कमी घेतो, म्हणून एलईडी स्रोताला चारच्या आसपास जातं. लहानातून मोठ्यात जवळजवळ काहीच जात नाही. एका दिशेला चांगलं आणि उलट दिशेला वाईट, हीच याची खूण. कितीही वेळा जोडलंत तरी सुटणार नाही. तुकडा जुन्या मापाचा घ्या.

आणि हे क्षीणन नव्हे. इथंच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. क्षीणन लांबीला चिकटलेलं असतं, डीबी प्रति किलोमीटर. जोडाचा, कनेक्टरचा तोटा एका जागचा, नुसता डीबी. दोघांना एकच शब्द वापरला की कुणीतरी कनेक्टरचा ०.७५ सुद्धा किलोमीटरनं गुणतो.

खानापूरचा_अनुवादक: नेमकं तेच झालंय, तक्त्यात दोन्हींवर एकच मथळा आहे. आमची लिंक ४०० मीटर, ५० मायक्रॉन, दोन टोकांना कनेक्टर, मधे दोन स्प्लाइस, एक गिगाबिट, ८५० वर. पाठवणारा किमान −९.५ डीबीएम, घेणारा −१७. म्हणजे हातात ७.५?

जोडकाम: केबल ०.४ गुणिले ३.५, म्हणजे १.४. कनेक्टरच्या दोन जोड्या ०.७५ प्रमाणे १.५. स्प्लाइस ०.३ प्रमाणे ०.६. एकूण ३.५ डीबी. आता ७.५ मधून वजा करून चार शिल्लक म्हणू नका. ५०० मेगाहर्ट्झ-किलोमीटरच्या केबलवर ५५० मीटरपर्यंतच्या गिगाबिट लिंकला केबल-कनेक्टरसाठी ३.५६ च दिलेत. बाकी बरचसं स्पंद पसरण्याच्या दंडात राखलेलं आहे. तुमच्याकडे कागदावर ०.०६ उरलं. मधे आणखी एक पॅच पॅनेल घातलंत की गेलं.

पण हे सगळे कमाल आकडे आहेत. चांगल्या कामात मीटरवर दोनच्या आत-बाहेर दिसायला हवं. ३.४ दिसलं तर ‘मर्यादेत आहे’ म्हणून सही करू नका, आधी कनेक्टरचं तोंड पुसा.

शुद्धलेखनी: मग ‘क्षीणन’ आणि ‘निवेशहानी’ असे दोन शब्द करा. प्रश्न मिटला.

वेणुग्रामी: निवेश म्हणजे गुंतवणूक वाचतील लोक! शेअर बाजाराचं पत्र वाटेल. सरळ ‘किलोमीटरमागं घट’ आणि ‘जोडाची घट’ लिहा.

शुद्धलेखनी: घट म्हणजे मडकंही.

वेणुग्रामी: घटस्थापना कोण डीबीत करतंय?

निपाणीकर: आमच्याकडं सगळे ‘लॉस’च म्हणतात. लॉस किती आला, एवढंच.

जोडकाम: बोलताना लॉस चालेल. पण ‘लॉस ३.५’ असं लिहिलंत तर तो किलोमीटरचा ३.५ की तुमच्या पूर्ण लिंकचा ३.५? इथं योगायोगानं दोन्ही आकडे सारखेच आलेत, म्हणून तर जास्त धोका.

खानापूरचा_अनुवादक: हे लक्षातच आलं नव्हतं. तूर्त ‘किलोमीटरमागं घट’ आणि ‘जोडाची घट’ ठेवतो, शुद्धलेखनींची क्षमा मागून. दुसरं वाक्य: ‘किरण काचेतल्या काचेत वाकत, नागमोडी जातात.’ आता ‘वाकणं’ला अपवर्तन लिहू की वक्रीभवन?

शुद्धलेखनी: अपवर्तन. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात तेच आहे.

वेणुग्रामी: कन्नडमध्ये आजही वक्रीभवनच म्हणतात आणि मराठीचाही तो जुना शब्द. इथल्या पोरांना दोन्ही भाषांत एकच कळेल. शिवाय इथं किरण खरोखरच वक्र होतोय.

शुद्धलेखनी: कन्नडमध्ये आहे म्हणून मराठीत घ्यायचं, तर मग ‘नष्ट’नं काय घोडं मारलं होतं?

चिकोडीचा_फिटर: आवरण वाचलं. एकावर ६२.५ आहे. दुसऱ्यावरचं छापील रंगाखाली गेलंय, माप कसं ओळखायचं?