प्रतिसाद: मुंग्यांचं रिंगण

> "रांगेत चालणाऱ्या मुंग्या कधीकधी गोल गोल फिरत मरतात म्हणे. एकीलाही बाहेर पडायचं सुचत नाही?"

सुचायला दिसायला तर हवं! हे प्रामुख्याने लष्करी मुंग्यांच्या, म्हणजे कायमचं वारूळ न करता टोळीने फिरणाऱ्या मुंग्यांच्या बाबतीत घडतं आणि त्या जवळपास आंधळ्या असतात. प्रत्येक मुंगी चालताना पोटाचं टोक जमिनीला टेकवून फेरोमोन या वासाच्या रसायनाचा माग सोडते आणि मागची तो मिशांनी हुंगत येते. हा वास उडून जाणारा असतो, त्यामुळे वर्दळ थांबली की वाट आपोआप पुसली जाते. एरवी ही सोयच.

पण समजा, पावसाने एक तुकडी मुख्य रांगेपासून तुटली आणि पुढची मुंगी वळून स्वतःच्याच तुकडीच्या मागावर आली. झालं, रिंगण जुळलं. आता प्रत्येक फेरीत वास ताजा होतो, म्हणजे चुकीची वाटच सगळ्यात ठळक. निसर्ग अभ्यासक विल्यम बीब यांनी दक्षिण अमेरिकेतल्या गयानात पाहिलेल्या रिंगणाचा घेर सुमारे 1200 फूट होता. एका मुंगीला एका फेरीला अडीच तास लागत. दोनेक दिवसांत बहुतेक मुंग्या थकून मेल्या, काही थोड्या मात्र भरकटत बाहेर पडल्या.

घरातल्या मुंग्यांचं सहसा असं होत नाही. त्यांना थोडंफार दिसतं, वारूळही एका जागी असतं.