'लाट थांबेपर्यंत फिरवा' हे मराठी चुकलं का?

कृष्णाकाठ: सांगलीत पॉलिटेक्निकला शिकवतो. डीएसओचा, म्हणजे डिजिटल ऑसिलोस्कोपचा, प्रयोग पोरांसाठी मराठीत उतरवतोय. ट्रिगरला लिहिलं, "लाट थांबेपर्यंत ट्रिगर पातळी फिरवा". निम्म्या पोरांनी सरळ Run/Stop दाबलं, लाट थांबली, रीडिंग घेऊन मोकळी. मराठी करण्यातच चूक होतीय का माझी?

सरळसोट: होय. ट्रिगर, टाइम बेस, प्रोब हे शब्द उद्या कंपनीत इंग्रजीतच ऐकायचेत. कशाला उगं 'कालाधार' न् 'चालना' करत बसायचं, पोरगं त्या नावाचा नॉब शोधत बसतंय पॅनलवर.

लॅबवाली_ताई: सरळसोट, त्यांनी ट्रिगरला ट्रिगरच ठेवलंय, वाचा की नीट. घोळ 'थांबेपर्यंत' मध्ये आहे. Run/Stop दाबलं की जुना फोटो पडद्यावर राहतो. ट्रिगर लागल्यावर लाट थांबत नाही, दरवेळी त्याच जागेपासून पुन्हा काढली जाते म्हणून उभी दिसते. पोरांना हा फरक हातानं दाखवा, जनरेटरचा अँप्लिट्यूड नॉब थोडा फिरवा, लाट लहानमोठी झाली तर ती जिवंत, ढिम्म राहिली तर फोटो.

मी पायरी अशी लिहीन: "सिग्नल १ किलोहर्ट्झ, शेंड्यापासून तळापर्यंत २ व्होल्ट, शून्याच्या वर १ आणि खाली १. TIME/DIV २०० मायक्रोसेकंदवर आणा, एक सायकल ५ घरांत बसेल. आता पडद्याच्या कडेचा लेव्हलचा बाण लाटेच्या शेंड्याच्या आणि तळाच्या मध्ये येईपर्यंत TRIG LEVEL फिरवा. वर Trig'd दिसलं पाहिजे." बाण दीड व्होल्टवर गेला की लाट तिथवर पोचतच नाही, मग AUTO मोडमध्ये ती पळायला लागते आणि NORMAL मध्ये नवीन काहीच येत नाही, पोरगं म्हणतंय स्कोप बिघडला. बाण मधे आणूनही पळत असेल तर सोर्स बघा, सिग्नल CH1 ला आणि ट्रिगर CH2 वर असं आमच्याकडे दर बॅचला एक तरी सापडतं.

एका_बटणात: एवढं कशाला, Autoset दाबा की, सगळं आपोआप लागतंय. पाच पायऱ्यांची एक पायरी.

लॅबवाली_ताई: साध्या चालू सिग्नलला लागतं, खरंय. एकदाच येणाऱ्या पल्सला लावून बघा. परीक्षेत सेटिंग मुद्दाम बिघडवून देतात तेव्हा तरी काय करणार?

मिरजेचा_रिपेअरवाला: माझं दुकान एसएमपीएस रिपेअरचं हाय. तुमचं ट्रिगर राहू दे, आधी प्रोबच्या क्लिपबद्दल मराठीत लिहा. पोरगं कामाला ठेवलं, त्यानं प्रायमरीच्या मोठ्या कपॅसिटरच्या मायनसला क्लिप लावली, कारण शिकवलेलं 'क्लिप ग्राउंडला'. ते मायनस म्हणजे अर्थिंग नव्हं! क्लिप आतून स्कोपच्या थ्री पिनमधून अर्थिंगलाच जोडलेली असतीय, धडाम् झालं, एमसीबी पडला, क्लिपचं तोंड काळं. पोरगं वाचलं ते नशीब.

कृष्णाकाठ: दादा, विचारलं होतं दुसरंच, पण माझ्या शीटमध्येही 'क्लिप ग्राउंडला लावा' एवढंच आहे. बदलतो.

मायबोली_प्रथम: चूक शब्दांची नाही, अर्धवट भाषांतराची आहे. सगळं नीट मराठीत करा. 10X ला 'दहापट' म्हणा, पोरांना लगेच कळेल.

लॅबवाली_ताई: नेमकं तिथंच उलटं कळतं! प्रोब 10X वर ठेवला की सिग्नलचा दहावा भागच स्कोपमध्ये जातो. चॅनलच्या मेनूत 1X राहिलं तर ५ व्होल्टचे ०.५ दिसतात, आणि 'दहापट' वाचलेलं पोरगं त्याला परत दहानं भागतं. माझ्या एका बॅचनं ०.०५ लिहून आणलं होतं. पॅनलवर 10X आहे, तेच छापा, आणि पुढं मराठीत लिहा की प्रोबवर जे, मेनूतही तेच.

मायबोली_प्रथम: मग 'दशांश प्रोब' म्हणा. शब्द सापडत नाही म्हणून इंग्रजी छापायचं हे मला तरी पटत नाही.

सरळसोट: 'दशांश' म्हटल्यावर पोरगं पॉइंट कुठं द्यायचा ते विचारंल 😀

कृष्णाकाठ: ताई, 'बाण मधे आणा' घेतलं. पण 'थांबली'च्या जागी एका शब्दात काय? 'स्थिर' लिहिलं तरी Run/Stop दाबणारा म्हणणार, झाली की स्थिर.

लॅबवाली_ताई: आमच्याकडे 'लाट जागेवर धरली' म्हणतो. शीटवर छापायला बरं दिसतं का, सांगता येत नाही.

थर्ड_सेम: सर मी तुमच्याच बॅचची. खिडकीजवळच्या टेबलावरचा लेव्हलचा नॉब नुसता गोल फिरतो, बाण हलतच नाही, म्हणून आम्ही Run/Stop दाबलं होतं.

कृष्णाकाठ: अगं मग तेव्हाच सांगायचं ना!