मतदार यादीत नाव कसं पाहायचं : गावासाठी व्हिडिओची संहिता, सल्ला हवा

दारव्हेकर_पोट्टा
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाची पोरं मिळून दोन-अडीच मिनिटांचा व्हिडिओ करतोय. विषय एवढाच, मोबाईलवर मतदार यादीतलं नाव कसं पाहायचं. गावाच्या ग्रुपवर सगळ्या पक्षांची माणसं आहेत, त्यामुळे हा अमक्याचा व्हिडिओ आहे असं कोणालाही वाटायला नको. कच्ची संहिता अशी :

"तुमच्यापाशी मतदान कार्ड हाये? मंग तुमचं नाव यादीत हायेच. पक्कं पाहाचं असन तर electoralsearch.eci.gov.in वर जा, नाव टाका, दारव्हा टाका, दिसून जाईन."

काय बदलावं, मोकळेपणी सांगा.

खडूफळा
मी शिक्षिका, आमच्या गावात बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे गावातली मतदार यादी सांभाळण्याचं काम केलं. पहिलं वाक्य आधी काढा. कार्ड पेटीत असतं आणि नाव यादीतून गेलेलं असतं, हे मतदानाच्या दिवशी केंद्रावर कळतं. मत यादीतल्या नावावर देता येतं, कार्ड फक्त ओळख पटवायला. कार्ड हरवलं तरी आधारसारखी ठरवून दिलेली दुसरी ओळखपत्रं चालतात, पण यादीत नाव नसेल तर कुठलंच ओळखपत्र कामी येत नाही. तुमच्या व्हिडिओचा गाभा हाच ठेवा.

दुसरं, नावाने शोधायला सांगू नका. त्या साइटवर तीन वाटा आहेत, त्यातली Search by EPIC आधी दाखवा. कार्डावरचा तीन अक्षरं आणि सात आकड्यांचा नंबर, राज्य आणि चित्रातली अक्षरं, एवढंच भरायचं. नावाने शोधताना स्पेलिंगवर घोडं अडतं. यादीत Chaya असतं, आपण Chhaya टाकतो आणि नाव कटलं म्हणून रडत बसतो. शिवाय दारव्हा नावाचा मतदारसंघच आता नाही, २००८ च्या पुनर्रचनेनंतर तालुका दिग्रस विधानसभेत आहे. नावाने शोधणाऱ्याने तिथे दिग्रस निवडायला हवं.

वणी_बायपास
आमच्या वहिनीचं असंच झालं. माहेर पुसदकडचं, लग्न होऊन इकडे आली. नवऱ्याचं नाव टाकून शोधलं तर काहीच येत नाही. मी म्हणतो नवीन फॉर्म ६ भरून टाकावा, जुनं नाव आपोआप निघून जाईल. सगळे तसंच करतात.

खडूफळा
सगळे करतात म्हणूनच एका बाईची नावं दोन गावांत दिसतात. वहिनीचं नाव माहेरच्या यादीत वडिलांच्या नावाने आहे, म्हणून नवऱ्याच्या नावाने सापडत नाही. जुन्या कार्डाचा नंबर टाकून पाहा. पुसद विधानसभा, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिसला तर नाव जिवंत आहे. मग फॉर्म ८ भरायचा, पत्ता बदलल्याचा. नाव आणि नात्याची दुरुस्तीही फॉर्म ८ नेच होते. कार्डाचा नंबर तोच राहतो आणि नोंद दिग्रसमध्ये येते.

फॉर्म ६ कधीच नाव न नोंदवलेल्यांसाठी आहे. आधी कुठेच नाव नाही अशी सही त्यात करावी लागते, आणि खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने मुभा नाही.

वणी_बायपास
हे माहीत नव्हतं. वहिनीला आजच कार्ड शोधायला सांगतो.

मेळघाट_वाटाड्या
आमच्याकडे रेंजच नाही, साइट उघडतच नाही. आणि आधार जोडलं नाही म्हणून नाव कटलं असं सगळे म्हणतात, ते व्हिडिओत घ्या.

खडूफळा
ते घेऊ नका. आधार देणं ऐच्छिक आहे, फक्त ते दिलं नाही म्हणून नाव काढत नाहीत. नाव मुख्यत्वे मृत्यू, स्थलांतर किंवा दुबार नोंद यामुळे निघतं. कामासाठी बाहेर गेलेलं कुटुंब तपासणीच्या वेळी घरी सापडलं नाही की "स्थलांतरित" असा शेरा पडण्याची भीती असते. तुमच्याकडे हंगामी मजुरीला जाणारे पुष्कळ, म्हणून परत आल्यावर त्यांनी नाव जरूर पाहावं.

रेंज नसेल तर १९५० ला फोन करा, नाहीतर बीएलओकडची छापील यादी पाहा. छापील यादी शेवटच्या पानापर्यंत चाळा. नवी नावं मागे पुरवणीत असतात, आणि काढलेलं नाव मूळ जागी DELETED असा शिक्का मारून दिसू शकतं. पहिली पानं पाहून "नाव आहे" म्हणू नका.

कॅमेरा_अकोला
मी लग्नाचे आणि गावचे व्हिडिओ करतो, थोडं चित्राबद्दल बोलतो. निष्पक्ष दिसायचं असेल तर फ्रेम तपासा. मागे भिंतीवर घड्याळ, कोणाच्या हातात मशाल, तळ्यात कमळ, "थांबा" म्हणून वर केलेला पंजा, धनुष्यबाणाचं कॅलेंडर, लग्नातली तुतारी, यातलं काहीही आलं तर लोक बोट दाखवतील. भगवा, निळा, हिरवा गमछाही नको, साधा पांढरा सदरा बरा. सरपंच, माजी सरपंच, कोणीच नको. बोलायला आशाताई किंवा एखादी आजी घ्या. आणि खऱ्या माणसाचं कार्ड पडद्यावर दाखवू नका, नंबर झाकून कागदावर नमुना काढा.

खडूफळा
हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. आता मधला भाग असा करून पाहा :

*आजी (कार्ड हातात) :* "माह्यापाशी कार्ड हाये ना, मंग झालं."
*नात :* "आजी, कार्ड असलं म्हंजे नाव असन असं नाही. थांब, पाहू." (नंबर टाकते. पडद्यावर नाव, मतदान केंद्र, भाग क्रमांक, अनुक्रमांक.) "हे दोन आकडे लिहून ठेव. केंद्रावर लवकर सापडन."
*आजी :* "अन् नाव नसन आलं तर?"
*नात :* "नंबर पुन्हा नीट पाहू. तरी नाही आलं तर नावानं शोधू, आपली विधानसभा दिग्रस निवडून. तेही नाही जमलं तर बीएलओताईले विचारू, नाहीतर १९५० ले फोन लावू. अन् आतापासूनच पाहू. उमेदवारी अर्ज भराची शेवटची तारीख गेली का त्या निवडणुकीपुरतं नाव चढत नाही."

त्या तारखेच्या आदल्या दिवशी अर्ज करूनही उपयोग नाही, कारण हरकतींसाठी सात दिवस द्यावेच लागतात.

गोंदिया_धानपट्टा
संहिता चांगली आहे, पण बोली अगदी वऱ्हाडी आहे. आमच्या झाडीपट्टीत लोक हसतील आणि मुद्दा राहून जाईल. व्हिडिओ सगळ्या विदर्भात फिरवायचा असेल तर साधी मराठी घ्या.
एक विचारायचं होतं. ग्रामपंचायतीला माझं नाव भलत्याच वॉर्डात गेलं. या साइटवर वॉर्ड दिसेल का?

खडूफळा
नाही, साइटवर विधानसभेची यादी दिसते. ग्रामपंचायतीसाठी राज्य निवडणूक आयोग तीच यादी वॉर्डनिहाय फोडतो. प्रारूप वॉर्ड यादी लागली की ठरलेल्या मुदतीत हरकत द्यावी लागते, तेव्हा तहसीलवर लक्ष ठेवा. हे या व्हिडिओत कोंबू नका.

दारव्हेकर_पोट्टा
कार्डाचं वाक्य काढलं, दिग्रस घातलं, घड्याळ उतरवलं. बोलीवर आमच्यातच दोन गट पडलेत. आजीनं वऱ्हाडी बोलावं आणि नातीनं साधी मराठी, असं करून पाहतो. अजून एक राहिलं : काही म्हाताऱ्यांकडे MT/ ने सुरू होणारं, स्लॅशवालं जुनं कार्ड आहे. तो नंबर टाकून नाव येतं का?

खडूफळा
आलं नाही तर नावाने शोधा. सापडलेल्या नोंदीवर नवा दहा अक्षरांचा नंबर दिसला तर तो त्याच कार्डामागे लिहून ठेवा. सगळ्यांना तो मिळालाय की नाही ते मी सांगू शकत नाही, आमच्या भागात काहींना नव्हता. शूटिंगआधी गावातली अशी चार-पाच कार्डं बीएलओताईंकडच्या यादीशी ताडून पाहा.