पाण्याचा २५ अंशांवरचा बाष्पदाब: संकलित सूत्रावर विसंबावे का?

धागाकर्ती (पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवते):
पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश आणि तेथील बाष्पनाची एन्थाल्पी ४०.६५ किलोज्यूल प्रति मोल, एवढ्या माहितीवरून २५ अंशांवरचा बाष्पदाब काढण्याचे उदाहरण मी वर्गात दिले होते. सूत्र नेहमीचेच:

```
ln(P2/P1) = -(ΔH/R) × (1/T2 - 1/T1)
```

उत्तर २८.१ मिलिमीटर पारा आले, तक्त्यात मात्र २३.८ आहे. अठरा टक्के चूक असलेले उत्तर मुलांना "बरोबर" म्हणून द्यायचे का? माझे मत असे की या सूत्राने दाबाचा अंदाज करायला शिकवणेच थांबवावे आणि सरळ तक्ता हातात द्यावा.

कुकरवाला:
मला तर हे सूत्र कधी चुकलेले दिसले नाही. प्रेशर कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांपर्यंत जाते, म्हणून तुमच्याच ४०.६५ या आकड्याने मी १२० अंशांवरचा दाब काढून पाहिला. उत्तर १९७ किलोपास्कल आले आणि वाफेच्या तक्त्यात १९९ आहे, म्हणजे एक टक्क्याचासुद्धा फरक नाही. तापमान केल्विनमध्ये करायचे राहून गेले असेल, एवढे एकदा तपासून पाहा.

धागाकर्ती:
२९८.१५ आणि ३७३.१५ हेच घेतले आहेत. सेल्सिअस ठेवले असते तर उत्तर अठरा टक्क्यांनी चुकले नसते, ते हास्यास्पद आले असते.

रसायनवेडा:
चूक सूत्रात नाही, आकड्याच्या निवडीत आहे. बाष्पनाची एन्थाल्पी तापमानाबरोबर बदलते. १०० अंशांना ती ४०.६५ असली तरी २५ अंशांना ती ४४.० आहे. उत्तर २५ अंशांचे हवे असेल तर एन्थाल्पीही २५ अंशांचीच घ्यायला हवी. एवढी एक दुरुस्ती केली की वाद मिटतो.

धागाकर्ती:
तसेही करून पाहिले. ४४.० घेतल्यावर २१.४ मिलिमीटर येते. आधी उत्तर जास्त होते, आता कमी झाले. वाद मिटला नाही, फक्त उलट्या बाजूला गेला.

उष्मागती:
रसायनवेडा यांचे निदान बरोबर आहे, उपाय मात्र चुकला आहे. दाबाचा लॉग आणि तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख काढला, तर एन्थाल्पी हा त्या रेषेचा त्या त्या ठिकाणचा उतार असतो. आपण १०० अंशांच्या बिंदूपासून २५ अंशांच्या बिंदूपर्यंत चालत जातो आणि वाटेत उतार हळूहळू तीव्र होत जातो. सुरुवातीचाच उतार धरून चाललो तर आपण पुरेसे खाली उतरत नाही, म्हणून २८.१ येते, शेवटचा उतार सुरुवातीपासून धरला तर गरजेपेक्षा जास्त खाली जातो, म्हणून २१.४. लागतो तो वाटेतला सरासरी उतार. दोन्ही आकड्यांची साधी सरासरी ४२.३ घेतली तर उत्तर २४.६ मिलिमीटर येते, म्हणजे चूक साडेतीन टक्क्यांच्या आसपास उरते. त्या उरलेल्या चुकीतही मोठा वाटा वाफेचा आहे, कारण १०० अंशांची संपृक्त वाफ आदर्श वायूच्या मानाने सुमारे दीड टक्का अधिक दाट असते आणि हे सूत्र तिला पूर्ण आदर्श मानून चालते.

कुकरचे उत्तर इतके नेमके का आले, तेही यातच आहे. एन्थाल्पीतली टक्केवारीची चूक दाबात जाताना दोन दाबांच्या गुणोत्तराच्या लॉगने गुणली जाते. १०० ते १२० अंशांत दाब जेमतेम दुप्पट होतो, लॉग सुमारे ०.६७, म्हणून तेथे चूक उलट आकसते. १०० वरून २५ वर येताना दाब बत्तिसाव्या हिश्शावर येतो, लॉग सुमारे ३.५, म्हणून एन्थाल्पीतली पाच टक्क्यांची तफावत दाबात सतरा-अठरा टक्के होऊन बसते. कुकरवाल्यांचे गणित बरोबर आहे, पण ते दोन पावलांच्या प्रवासाचे आहे. त्यावरून लांबच्या प्रवासाचा भरवसा देता येत नाही.

एमएस्सीचा विद्यार्थी:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण येथेच विचारतो. मी ॲसिटिक आम्लासाठी हेच केले. उत्कलनबिंदू ११८ अंश, तेथील एन्थाल्पी २३.७, आणि २५ अंशांवर उत्तर आले ७८ मिलिमीटर. प्रत्यक्षात बाष्पदाब १६ च्या जवळपास आहे. पाचपट चूक! सरासरी उतार घेऊन हे कसे सुधारेल?

रसायनवेडा:
२५ अंशांची एन्थाल्पी बरीच मोठी असेल. तिची आणि २३.७ ची सरासरी घ्या.

उष्मागती:
नाही, येथे तो उपाय चालणार नाही. १६ मिलिमीटर येण्यासाठी उतार ४० किलोज्यूलच्या पुढचा लागतो, आणि केवळ तापमानाच्या फरकाने २३.७ चे ४० होत नाहीत. ॲसिटिक आम्लाचे रेणू वाफेतही हायड्रोजन बंधांनी जोडीजोडीने राहतात. एक मोल, म्हणजे ६० ग्रॅम, द्रवाची वाफ केल्यावर वायूत एक मोल कण नसतातच, त्याहून बरेच कमी असतात. उकळत्या आम्लावरील वाफेचे सरासरी रेणुभार ६० नसून शंभराच्या आसपास भरते. उष्णतामापीत मोजलेले २३.७ हे ६० ग्रॅमसाठी खरेच आहेत, कारण जोड्या फोडण्याचा खर्चच झालेला नसतो. पण सूत्र तर असे धरून चालते की ६० ग्रॅम वाफ एक मोल आदर्श वायूची जागा व्यापते. ती साधारण ०.६ मोलांचीच जागा व्यापते. २३.७ ला ०.६ ने भागा, म्हणजे ४० च्या जवळपास याल.

असा द्रव आधीच ओळखायचा असेल तर एन्थाल्पीला उत्कलनबिंदूच्या केल्विनने भागून पाहावे. बहुतेक साध्या द्रवांसाठी उत्तर ८५ ते ९० ज्यूल येते आणि पाण्यासाठी १०९. ॲसिटिक आम्लासाठी ६१ येते, आणि एवढा लहान आकडा दिसला की वाफेबद्दल शंका घ्यायलाच हवी.

एमएस्सीचा विद्यार्थी:
मग पुस्तकात दिलेला आकडा सूत्रात टाकायचा की सूत्राच्या उतारावरून काढलेला?

उष्मागती:
दाब काढायचा असेल तर उतारावरून काढलेला. बाष्पित्राला किती उष्णता पुरवायची हे काढायचे असेल तर उष्णतामापीतला. या दोन्ही ठिकाणी एकच आकडा वापरल्यामुळे झालेल्या चुका मी पाहिल्या आहेत.

कारखान्यातला:
तक्त्याचा आग्रह मला पटत नाही. निर्वात ऊर्ध्वपातन करताना आम्हाला बहुधा उलटा प्रश्न पडतो: दाब माहीत असतो आणि उकळण्याचे तापमान हवे असते. धागाकर्तींच्याच ४०.६५ ने २३.८ मिलिमीटरवरचे तापमान काढा. २५ ऐवजी २२ अंश येते. तापन किती ठेवायचे हे ठरवायला तीन अंशांची चूक मला सहज चालते. शिवाय नव्या संयुगाला तक्ता नसतोच. असतो तो एखादा उत्कलनबिंदू आणि अंदाजाने धरलेली एन्थाल्पी.

धागाकर्ती:
तापमानात चूक इतकी लहान दिसते हे माझ्या लक्षात आले नव्हते, आणि कुकरचे उदाहरण मी वर्गात नक्की घेईन. तरीही परीक्षेत केवळ ४०.६५ देऊन २५ अंशांचा दाब विचारणे मला आजही गैर वाटते, कारण मुलाने २८.१ लिहिले की आपण पूर्ण गुण देतो आणि तो आकडा त्याच्या मनात पाण्याचा बाष्पदाब म्हणून बसतो.

कारखान्यातला:
मग प्रश्न ८० अंशांचा विचारा. तेथे ३६० च्या थोडे वर उत्तर येते, तक्त्यात ३५५ आहे.

रसायनवेडा:
मी उलट २५ चाच ठेवीन, आणि पुढच्या ओळीत तक्त्यातला आकडा देऊन फरक का पडला ते लिहायला सांगेन.

धागाकर्ती:
त्या ओळीला किती गुण द्यायचे, यावर आमच्या विभागात अजून एकमत झालेले नाही.